जुन्या फोनवरची हलकी ॲप्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरला रामबागेत आमच्या घरी आईकडे जो फोन आहे, त्यात २ जीबी रॅम, १६ जीबी साठवण आणि अँड्रॉइड ८.१ आहे. १६ पैकी बरीच जागा अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच बसवून दिलेली ॲप्स खातात, त्यामुळे प्रत्यक्ष वापरायला नऊ जीबीच्या आसपास उरतात. फोनचा पडदा आणि बॅटरी ठणठणीत आहेत आणि आईचा हात त्यावर बसलेला आहे, म्हणून नवा फोन घेण्याऐवजी जी ॲप्स हलक्या रूपात मिळतात ती बसवून काही महिने वापरून पाहिली. त्यातून जे लक्षात आले ते लिहितो.

पहिली गोष्ट अशी की प्ले स्टोअरवर ॲपचा जो आकार दिसतो, त्यावरून फारसे काही ठरत नाही. बसवल्यावर फोन त्या ॲपची स्वतःला सोयीची प्रत तयार करून ठेवतो, आणि पुढे डेटा व कॅशे साचत जातात. फेसबुक लाइट उतरवताना अवघ्या काही एमबींचे असते, पण आईच्या रोजच्या वापराने ते दीड-दोनशे एमबीपर्यंत गेले. तरीही ते मोठ्या फेसबुकपेक्षा पुष्कळच कमी आहे. शिवाय Settings मधल्या त्या ॲपच्या पानावर जाऊन Clear cache केले की बराचसा भाग मोकळा होतो. तिथेच असलेल्या Clear data ला मात्र हात लावू नये, कारण मग पासवर्ड टाकून पुन्हा लॉगिन करावे लागते, आणि तो पासवर्ड घरात कोणालाच आठवत नसतो.

फेसबुक लाइट एवढे हलके असण्याचे कारण म्हणजे पडद्यावर काय आणि कुठे दाखवायचे याचे बरेचसे काम फोनऐवजी फेसबुकचे सर्व्हर करतात. फोनकडे फक्त तयार मांडणी दाखवण्याचे काम राहते. म्हणूनच २ जीबी रॅमवर ते अडखळत नाही आणि ते चालू असताना आलेला फोन उचलायला उशीर होत नाही. याची किंमतही त्यातच आहे: प्रत्येक स्पर्शागणिक सर्व्हरकडे विचारणा होते. उज्जैनच्या गाडीत रेंज गेली की आधी उघडलेल्या पोस्टशिवाय काहीच दिसत नाही, नुसते चक्र फिरत राहते. फोटो काहीसे पुसट दिसतात, पण सेटिंगमध्ये फोटोची प्रत वाढवता येते. आईने तीही तक्रार केली नाही, कारण तिला भाचेसुनांच्या हळदीकुंकवाचे फोटो पाहायचे असतात, मोठे करून तपासायचे नसतात.

गूगल मॅप्स गो हे वेगळ्या जातीचे ॲप आहे. ते म्हणजे मुळात क्रोममधून चालणारी मॅप्सची वेबसाइट आहे, जिला ॲपचा चेहरा दिला आहे. स्वतःची जागा ते जवळजवळ घेतच नाही, मात्र क्रोमशिवाय ते चालत नाही. हे सांगण्याचे कारण असे की, आमच्याकडच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जागा वाचवायला सर्रास क्रोम बंद करून देतात. अँड्रॉइड ७ ते ९ या आवृत्त्यांमध्ये इतर ॲपांच्या आत उघडणारी वेब पानेदेखील क्रोमच्याच बळावर दिसतात. क्रोम बंद केले की ते काम अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू नावाच्या दुसऱ्या घटकाकडे जाते, मग तो अपडेट होऊन जागा घेऊ लागतो. म्हणजे वाचलेली जागा बऱ्याच अंशी परत जाते आणि मॅप्स गोही हातचे जाते. आधीपासून फोनमध्ये असलेल्या ॲपांबाबत आणखी एक बारकावा आहे. त्यांची मूळ प्रत सिस्टिमच्या राखीव भागात असते, त्यामुळे Disable केल्याने ती जागा आपल्याला मिळत नाही. परत मिळते ती फक्त नंतरच्या अपडेटांनी आणि डेटाने घेतलेली जागा. आईच्या फोनवरचे न लागणारे संगीत आणि चित्रपटांचे ॲप मी याच हिशोबाने अपडेट काढून बंद केले.

मॅप्स गो रस्ता दाखवते, रामबागेतून विजयनगरला कोणत्या बसने जायचे तेही सांगते, परंतु वळणावळणाला बोलून सांगणारे नेव्हिगेशन त्यात नाही. त्यासाठी वेगळे जोड-ॲप घ्यावे लागते. नकाशा उतरवून ऑफलाइन ठेवायची सोयही नाही. आईसाठी हे पुरते. गाडी चालवणाऱ्याला पुरणार नाही.

इन्स्टाग्राम लाइट आहे आणि ते नीट चालते, एवढेच त्याच्याबद्दल सांगण्यासारखे आहे. यूट्यूबचे मात्र हलके रूप आता नाही. यूट्यूब गो २०२२ मध्ये बंद झाले आणि मेसेंजर लाइट २०२३ मध्ये. बाहेरच्या साइटवर त्यांच्या जुन्या फायली अजून मिळतात, पण कोणी बदल करून ठेवलेली फाइल आईच्या फोनवर मी चढवणार नाही. त्यापेक्षा क्रोममध्ये `m.youtube.com` उघडून मेनूतल्या Add to Home screen ने चिन्ह तयार केले. कीर्तने आणि पाककृती त्यावर व्यवस्थित चालतात. दुसरे ॲप उघडले की आवाज थांबतो, तेवढी गैरसोय आहे.

खरी जागा मात्र या कशानेच खाल्लेली नव्हती. ती व्हॉट्सॲपने खाल्ली होती, ज्याचे अधिकृत लाइट रूपच नाही. जीबी व्हॉट्सॲप वगैरे नावांनी जे फिरते ते अनधिकृत आहे आणि त्यामुळे खाते बंद होऊ शकते. व्हॉट्सॲपच्या Manage storage मध्ये फोटो आणि व्हिडिओ दिसतात. ते काढून, आपोआप डाउनलोड बंद केले, तरी हिशोब जुळेना. फाइल्स बाय गूगलमधून फोल्डर उघडत गेल्यावर उलगडा झाला:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

काही जुन्या फोनांवर हे फोल्डर थेट `WhatsApp/Databases` असे असते. व्हॉट्सॲप रोज संदेशांची एक प्रत फोनमध्येच ठेवते आणि साधारण आठवडाभराच्या प्रती जपून ठेवते. आईच्या गटांतल्या सुप्रभात संदेशांनी एकेक प्रत सव्वाशे एमबीच्या आसपास गेली होती, म्हणजे सगळ्या मिळून एक जीबीच्या घरात. ज्या फायलींच्या नावात तारीख आहे त्या काढल्या तर चालते. तारीख नसलेली `msgstore` ने सुरू होणारी फाइल सर्वांत ताजी असते, ती ठेवावी. मात्र आठवड्याभरात प्रती पुन्हा जमतात आणि त्या बंद करण्याचे बटण ॲपमध्ये नाही. म्हणून मी महिन्यातून एकदा, आई दुपारी आडवी झाली की, हे काम करून टाकतो.

एवढे सारे केल्यावर दोन जीबींच्या आसपास जागा मोकळी राहू लागली. मोकळी जागा अर्ध्या जीबीच्या आसपास आली की अँड्रॉइड जागा कमी असल्याचा इशारा देते आणि ॲपांचे अपडेट अडू लागतात. आता तो इशारा येत नाही. रॅमची ओढाताण मात्र संपलेली नाही. व्हॉट्सॲपमधून कॅमेरा उघडून फोटो काढला आणि परतल्यावर अर्धवट लिहिलेला मजकूर गेलेला दिसला, तर समजावे की कॅमेऱ्याला रॅम हवी म्हणून फोनने मागचे ॲप बंद केले आहे. यावर रॅम साफ करणारी ॲप्स घेऊ नयेत, कारण तीही रॅममध्येच बसतात आणि बंद केलेली ॲप्स पुन्हा पहिल्यापासून उघडावी लागतात. आईला मी आधी फोटो काढून घ्यायला आणि मग व्हॉट्सॲप उघडायला सांगितले आहे, आणि ते तिला जमते.

बँकेच्या ॲपवर मात्र इलाज सापडला नाही. त्याचे हलके रूप नाही, ते उघडायलाच बराच वेळ लागतो आणि ओटीपी पाहायला संदेशांत गेले की परत येईपर्यंत ते बंद झालेले असते. आईचे बँकेचे व्यवहार आता ती माझ्या शेजारी बसून घरातल्या दुसऱ्या फोनवरून करते.