पेशी अंगकांची फ्लॅशकार्डे: नाव झाकावे की परिणाम विचारावा?

पेशी अंगकांच्या स्लाइडवरून कार्डे करण्याच्या दोन पद्धती मी एकेक सत्र वापरल्या. पहिलीत आकृतीतील नावे झाकून ती ओळखायची असतात, तर दुसरीत अंगकात बिघाड कल्पून त्याचा परिणाम सांगायचा असतो. पहिलीची कार्डे काही मिनिटांत तयार होतात आणि अंगकांशी पहिली ओळख करून घेण्यासाठी मला ती आजही योग्य वाटतात.

तरीही एका त्रासामुळे मी ती मागे ठेवली. आठवडाभरात मला अंगक नव्हे, तर त्याची चित्रातील जागा पाठ होत असे. उजवीकडची लांबट, घड्यांची आकृती म्हणजे तंतुकणिका, हे उत्तर मी क्षणात देत असे. परंतु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या छायाचित्रात तीच आडवी छेदली गेल्याने गोल दिसली, तेव्हा मी तिला लयकारिका म्हटले. आतल्या घड्यांकडे माझे लक्षच गेले नव्हते, कारण कार्डाने ते कधी मागितलेच नव्हते.

दुसऱ्या पद्धतीचे उदाहरण लयकारिकेचेच घेतो. स्लाइडवर एवढेच असते की तिच्यात पचन करणारी विकरे असतात आणि आतला सामू सुमारे ५ असतो. ‘लयकारिकेचे कार्य कोणते?’ असे विचारल्यास ‘पचन’ हा एक शब्द पुरतो. त्याऐवजी मी असे लिहिले: ‘एखादी लयकारिका फुटून विकरे पेशीद्रवात सांडली, तरी पेशी लगेच का पचून जात नाही?’ उत्तर असे की पेशीद्रवाचा सामू सुमारे ७.२ असतो आणि त्यात ही विकरे फारशी काम करीत नाहीत. सामूचा आकडा आठवला, पण त्याचा विकरांशी संबंध लागला नाही, तर उत्तर अडते, आणि नेमके काय समजले नाही ते तिथेच कळते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एका कार्डाला मला दहा मिनिटे लागत, आणि उत्तर दोन वाक्यांपेक्षा लांबले की स्वतःला गुण देताना हात सैल सुटे. शिवाय चौथ्या उजळणीपर्यंत प्रश्नाचे पहिले शब्द वाचूनच उत्तर आठवू लागे. त्यावर जोडकार्डांचा उपाय मला बऱ्यापैकी लागू पडला. एका कार्डावर पाचक विकरे स्रवणारी स्वादुपिंडाची पेशी आणि दुसऱ्यावर टेस्टोस्टेरॉन तयार करणारी वृषणातील पेशी घेऊन, प्रश्न मात्र दोन्हींवर एकच ठेवायचा: ‘येथे कोणती आंतर्द्रव्यजालिका विपुल असेल, आणि का?’ पहिलीत प्रथिने बनवायची असल्याने रायबोझोमयुक्त खडबडीत जालिका, तर दुसरीत स्टेरॉइड बनवायचे असल्याने गुळगुळीत. प्रश्नाचे शब्द तेच असल्यामुळे पेशी काय बनवते याचा विचार केल्यावाचून उत्तर देता येत नाही.

ज्यांना केवळ आकृतीला नावे द्यायची आहेत, त्यांना पहिली पद्धत कदाचित पुरेल. मी मात्र आता एका स्लाइडवरून नावांचे एकच कार्ड करतो आणि उरलेला वेळ अशा दोन-तीन प्रश्नांना देतो.