तीन तासांसाठी पेस किती ठेवायचा : ४:१६, ४:१५ की ४:१३?

बोस्टन मॅरेथॉनच्या २०२६ च्या प्रवेश-निकषांत ३५ ते ३९ वयोगटातल्या पुरुषांसाठी ३:००:०० ही वेळ आहे. तीन तासांना मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरने भागलं की पेस, म्हणजे प्रतिकिलोमीटर लागणारा वेळ, ४ मिनिटं १५.९५ सेकंद येतो. अनेक जण हा आकडा ४:१६ असा पूर्ण करून घेतात आणि तिथेच फसतात. काटेकोर ४:१६ ने धावलात तर शेवट ३:००:०२ ला होतो. निकषात वरच्या सेकंदांची सूट नाही, त्यामुळे हा पर्याय इथेच बाद.

उरतात ४:१५ आणि ४:१३. त्यांतला कुठला घ्यायचा हे तुमच्या पायांपेक्षा तुम्ही पेस कशावर मोजता यावर जास्त ठरतं.

आधी मार्गाच्या मोजमापाचं बघू. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला फेऱ्या मोजणारा जोन्स काउंटर लावून मोजतात. त्याआधी आणि नंतर पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचे आकडे तपासले जातात. मोजणी सर्वांत छोट्या शक्य वाटेवरून, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर ठेवून होते. मार्ग चुकूनही छोटा निघू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. म्हणजे रस्ता प्रत्यक्षात ४२.१९५ नव्हे, ४२.२३७ किलोमीटरच्या आसपास असू शकतो. या ४२ मीटरांची किंमत ४:१६ च्या पेसला जेमतेम ११ सेकंद.

खरी गळती दुसरीकडे आहे. गर्दीत, पाण्याच्या टेबलाकडे जाता-येता आणि बाहेरून घेतलेल्या वळणांवर तुम्ही त्या छोट्या वाटेपेक्षा जास्त धावता. त्यात उंच इमारतींमध्ये जीपीएसची रेघ वाकडी होते, तीही बहुधा अंतर वाढवूनच. शेवटी घड्याळात ४२.५ दिसणं अगदी नेहमीचं. हे जादा ३०० मीटर सव्वा मिनिटाहून जास्त वेळ खातात.

घड्याळावरचा सरासरी पेस आणि त्याने येणारी वेळ अशी :

| पेस | ४२.१९५ किमी | ४२.२३७ किमी | ४२.५ किमी |
|---|---|---|---|
| ४:१६ | ३:००:०२ | ३:००:१३ | ३:०१:२० |
| ४:१५ | २:५९:२० | २:५९:३० | ३:००:३८ |
| ४:१४ | २:५८:३८ | २:५८:४८ | २:५९:५५ |
| ४:१३ | २:५७:५५ | २:५८:०६ | २:५९:१३ |

शेवटचा स्तंभ नीट वाचा. घड्याळात ४:१५ दिसत असूनही तीन तास हुकतात, आणि ४:१४ ला हातात पाचच सेकंद राहतात. त्यामुळे घड्याळाच्या पेसवरच धावणार असाल तर ४:१३ धरा.

रस्त्यावरचे किलोमीटरचे फलक पाहून धावणार असाल तर ४:१५ पुरेसा आहे. फलक अधिकृत मोजमापानुसार लावलेले असतात, म्हणून एका फलकापासून दुसऱ्यापर्यंत लागलेल्या वेळेत तुमचं जादा धावणं आणि तो प्रतिकिलोमीटर एक मीटर, दोन्ही आपोआप मोजले जातात. त्यासाठी ऑटो लॅप बंद करा आणि प्रत्येक फलकापाशी मॅन्युअल लॅपचं बटण दाबा. एखादा फलक चार-पाच पावलं पुढेमागे असतो, चुकतोही. म्हणून एका लॅपवरून घाबरू नका, एकूण वेळ पाहा. ५ किलोमीटरला २१:१५, १० ला ४२:३०, अर्ध्याला १:२९:४०, ३० ला २:०७:३० आणि ४० ला २:५०:००. तिथून पुढच्या २.१९५ किलोमीटरना ९:२० लागतात. ४० सेकंद राखीव उरतात. या दोन पद्धतींत आमचं मत फलकांच्या बाजूने आहे, कारण दोन सेकंद जास्त वेगाने धावण्याचा खर्च वाचतो. मात्र स्पर्धेत फलक विरळ असतील किंवा फक्त मैलांचे असतील तर ४:१३ कडेच वळा.

राखीव वेळेने न सुटणारी एक अडचण म्हणजे मार्गच छोटा निघणं. मँचेस्टर मॅरेथॉनच्या २०१३, २०१४ आणि २०१५ च्या शर्यतींचा मार्ग ३८० मीटर कमी होता, हे २०१६ मध्ये जाहीर झालं. तीन तासांच्या धावकासाठी ३८० मीटर म्हणजे ९७ सेकंद, पण हा हिशेब निरर्थक आहे, कारण असा मार्ग पूर्ण मॅरेथॉन धरला जात नाही. इथे उपाय वेग नाही, तर नोंदणीआधी मार्गाचं प्रमाणपत्र आणि त्याची मुदत तपासणं.

आणखी एक : बोस्टनला निकष पूर्ण करणं म्हणजे प्रवेश नक्की असं नाही. अर्ज जास्त आले की कट-ऑफ लागतो. २०२५ ला तो निकषापेक्षा ६:५१ मिनिटं, २०२६ ला ४:३४ मिनिटं कमी होता. पाच मिनिटं पुढे, म्हणजे २:५५:०० ला पोचायचं असेल तर घड्याळात ४:०७ ठेवावा लागेल, ४२.५ किलोमीटर धरून तो २:५४:५८ देतो. तिथे वेळ चिपची, म्हणजे स्टार्टची रेघ ओलांडल्यापासूनची धरतात. तुमचा निकष दुसऱ्या स्पर्धेचा असेल आणि तिथे बंदुकीपासूनची वेळ मोजत असतील, तर रेघेपर्यंत पोचायला लागलेली मिनिटंही लक्ष्याच्या वेळेतून वजा करावी लागतील.