निकालाचं टिपण: वरून खाली की शेवटाकडून मागे?

न्यायालयाच्या निकालाचं टिपण काढताना तथ्यं, मुद्दा, कारणमीमांसा, निर्णय हे चार भाग पाडायच्या दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत. एकीत निकाल वरून खाली वाचत चार रंगांनी खुणा करायच्या. दुसरीत थेट शेवट गाठून निर्णय एका वाक्यात लिहायचा आणि तिथून मागे यायचं.

रंगांच्या पद्धतीत काही सुटल्याची धास्ती राहत नाही. मला त्रास एकाच गोष्टीचा झाला, पण तो रोजचा होता. तथ्यं वाचताना त्यातलं कामाचं कुठलं, हे अजून कळलेलं नसतं. त्यामुळे तथ्यांच्या पिवळ्या रंगाने सगळंच पिवळं होतं.

1913 चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा ‘लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त’ घ्या. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला, मुनीम लालमनला शोधासाठी हरिद्वारला पाठवलं, नंतर 501 रुपयांच्या बक्षिसाची पत्रकं निघाली. मुलगा ऋषिकेशला सापडला. पुढे सहा महिन्यांनी नोकरी गेल्यावर लालमनने बक्षिसासाठी दावा केला. मी हे सगळं रंगवलं आणि निर्णय लिहिला, ‘बक्षिसाची माहिती नव्हती म्हणून करार नाही.’

नंतर तोच निकाल शेवटाकडून वाचला. ‘अर्ज फेटाळला’ हा झाला आदेश. तो निर्णयाच्या रकान्यात घालू नये. अर्ज का फेटाळला, हे शोधत एक परिच्छेद मागे गेलो. प्रस्ताव माहीत असल्याशिवाय स्वीकार होत नाही, हे तत्त्व निकालात आहेच. पण न्यायमूर्तींनी लालमनला ते लावताना भर दिलाय तो वेगळ्याच गोष्टीवर: मुलाला शोधायची जबाबदारी त्याने बक्षीस जाहीर होण्याआधीच पत्करली होती, म्हणून ते काम नव्या वचनाचा मोबदला ठरत नाही. काही पत्रकं त्याला हरिद्वारला पाठवली गेली होती, हेही निकालातच आहे. माझ्या पिवळ्या रंगात ते वाक्य बुडून गेलं होतं.

निर्णय हाताशी असला की प्रत्येक तथ्य काढून बघता येतं. सहा महिने आणि गेलेली नोकरी काढा, निर्णय तसाच राहतो. ‘आधी पाठवलं, मग पत्रकं निघाली’ हा क्रम उलटा करा, तर युक्तिवादच कोसळतो. टिपणात तो क्रम ठेवायचा. मुद्दाही मग आपसूक सुचतो: आधीच पत्करलेलं काम पार पाडल्यावर बक्षीस मागता येतं का?

अर्थात, 1973 च्या केशवानंद भारती खटल्यासारखा तेरा न्यायमूर्तींचा आणि अनेक स्वतंत्र मतांचा निकाल असेल, तर कोण काय म्हणतंय हे धरून ठेवायला रंगच बरे पडतात. दिवाणी न्यायालयाच्या निकालात मुद्दे आधीच काढलेले असतात, तिथेही वरून वाचलेलं चालतं. एका न्यायमूर्तीचा, आठ-दहा पानांचा अपिलातला निकाल असेल, तर मी मात्र शेवटचं पान आधी उघडतो.