दिवा लागतो, चार्जिंग होत नाही: लॅपटॉपच्या नव्या अ‍ॅडाप्टरचा आठ महिन्यांचा अनुभव

हा ६५ वॉटचा अ‍ॅडाप्टर घेऊन आठ महिने झाले. गोल पिनचा, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअरचा, लॅपटॉपच्याच कंपनीचा. तो कसा चालतोय हे दोन ओळींतही सांगता येईल, पण तो घ्यायची वेळ का आली आणि त्याआधी एक चुकीचा अ‍ॅडाप्टर कसा गळ्यात पडला, ते सांगितल्याशिवाय या अनुभवाचा कुणाला फारसा उपयोग नाही.

लॅपटॉप तीन वर्षांचा होता. एका संध्याकाळी काम करताना बॅटरी ३८ टक्क्यांवर होती, म्हणून चार्जर लावला. अ‍ॅडाप्टरवरचा पांढरा दिवा लागला. तासाभराने पाहिलं तर ३८ टक्केच. कमी होत नव्हती, वाढतही नव्हती. बॅटरीच्या चिन्हावर माउस नेला तर `plugged in, not charging`. शिवाय लॅपटॉप कमालीचा मंद झाला होता. एक साधी फाइल उघडायला अर्धा मिनिट. या मंदपणाचा संबंध मी तेव्हा चार्जिंगशी लावलाच नाही, व्हायरस असेल असं समजून रात्रभर स्कॅन लावून ठेवला. खरं तर निदानाची किल्ली तिथेच होती.

पहिल्या दुरुस्तीवाल्याने मल्टिमीटर लावला, पिनच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीत १९.६ व्होल्ट दाखवले आणि म्हणाला, "अ‍ॅडाप्टर ठणठणीत आहे, दिवापण लागतोय. मदरबोर्ड गेलाय." मी लॅपटॉप उचलून घरी आणला. मदरबोर्ड बदलायचा तर नवीन लॅपटॉपच घ्यावा, असा विचार दोन दिवस चालला होता.

मग वहिनी आल्या. त्यांच्याकडे याच कंपनीचा, जवळपास याच मॉडेलचा लॅपटॉप. त्यांचा चार्जर माझ्या लॅपटॉपला लावला आणि पाच सेकंदांत चार्जिंग सुरू. माझा चार्जर त्यांच्या लॅपटॉपला लावला तर तिथेही `not charging`. एवढ्याने पोर्ट, बॅटरी आणि मदरबोर्ड तिन्ही सुटले. मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्याकडे माझ्या लॅपटॉपला बसणारा दुसरा चार्जर नक्कीच असणार, पण लावून बघावासा वाटला नाही.

आता दिव्याबद्दल. तो ठोकळ्यावर असतो आणि एवढंच सांगतो की भिंतीतली वीज ठोकळ्यापर्यंत पोहोचली आणि ठोकळ्यातून काहीतरी बाहेर पडतंय. म्हणजे भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची जाड वायर बहुधा ठीक. ठोकळ्यापासून पिनपर्यंतच्या दीड-दोन मीटर वायरबद्दल, पिनबद्दल, पोर्टबद्दल त्याला काहीच ठाऊक नसतं. मल्टिमीटरचंही तसंच. लोड नसताना व्होल्टेज पूर्ण दिसतं, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरच्या आतल्या तारांपैकी दोनच तारा शाबूत असल्या तरी मीटरवर १९.५ येतात आणि लॅपटॉपने तीन अँपिअर मागितले की ते व्होल्टेज कोसळतं.

माझ्या चार्जरच्या बाबतीत मात्र कोसळलंही नव्हतं. गोल पिनच्या मधोमध एक बारीक काडी असते ना, तिथे गोम होती. मी इतकी वर्षं समजत होते की मुख्य वीज त्या काडीतून जाते. तसं नाही. या प्रकारच्या पिनमध्ये बाहेरची नळी ऋण, आतली नळी धन आणि मधली काडी ही फक्त ओळख पटवायची तार. तिच्यावरून लॅपटॉप अ‍ॅडाप्टरला "तू किती वॉटचा?" असं विचारतो. उत्तर आलं नाही तर लॅपटॉप जपून वागतो. वीज घेतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग पाडतो, कारण समोरचा अ‍ॅडाप्टर किती भार सोसेल याची त्याला खात्री नसते. म्हणजे लॅपटॉप चालू, बॅटरी जागच्या जागी आणि सगळं काम गोगलगायीच्या वेगाने. ही तीन लक्षणं एकत्र आली की पहिला संशय त्या तिसऱ्या तारेवर घ्यायचा. पडताळाही सोपा आहे: लॅपटॉप सुरू होताना BIOS, म्हणजे विंडोज येण्याआधीचा मूळ सेटिंग्जचा पडदा उघडायचं, तिथल्या बॅटरीच्या पानावर अ‍ॅडाप्टरचा प्रकार दिसतो. माझा जुना चार्जर लावल्यावर तिथे `Unknown` आणि वहिनींचा लावल्यावर `65W`.

तार नेमकी कुठे तुटली होती तेही सापडलं. चार्जिंग होत नाही तेव्हा आपण सगळेच वायर हलवून बघतो, पण हलवताना पिन आणि वायर दोन्ही एकदम हलतात आणि दोष कुणाचा ते कळत नाही. मी असं केलं: डाव्या हाताच्या दोन बोटांनी पिनचा प्लास्टिकचा भाग लॅपटॉपला टेकवून घट्ट धरला, जराही हलू दिला नाही. उजव्या हाताने फक्त वायर, पिनपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, हळूहळू वाकवली. एका कोनात चार्जिंगचं चिन्ह आलं, सोडली की गेलं. मग उलट केलं. वायर सैल ठेवून फक्त पिन पोर्टमध्ये हलकेच डावी-उजवीकडे डोलवली. काहीच फरक नाही. म्हणजे दोष वायरमध्ये, पिनच्या मानेपाशी, जिथे रबराची नळी संपते तिथे. उलटं झालं असतं, म्हणजे पिन डोलवल्यावर चार्जिंग येत-जात राहिलं असतं, तर बोट पोर्टकडे गेलं असतं. अशा वेळी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघावं: मधली काडी घुसते ते भोक वाकडं झालंय का, कापसासारखा कचरा अडकलाय का, कडेला काळपट डाग आहे का. पिन हाताला चटका लागेल इतकी तापत असेल तरी पोर्टचा संपर्क सैल झालाय असं समजा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा पोर्ट छोट्या वायरवर असतो आणि मदरबोर्डला हात न लावता बदलता येतो. म्हणून "पोर्ट गेला" आणि "मदरबोर्ड गेला" यातला फरक समोरच्याला विचारून घ्या.

कळलं ते सगळं कळल्यावरही मी एक चूक केलीच. मिळायला सोपा म्हणून 'कंपॅटिबल' अ‍ॅडाप्टर मागवला. व्होल्टेज तेच, वॉट तेच, पिन अगदी फिट. दिवा छान निळा. लावला तर BIOS मध्ये पुन्हा `Unknown`. बाहेरून पिनला काडी होती, आत ओळख सांगणारी चिप नव्हती किंवा असलेली लॅपटॉपला पटत नव्हती. तो परत केला आणि हा घेतला. तेव्हापासून आठ महिने प्रत्येक वेळी `65W`.

बॅटरीबद्दलही थोडं सांगते, कारण पाचव्या महिन्यात पुन्हा धडकी भरली होती. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबायचं आणि पुढे सरकायचं नाही. दिवा लागलेला, लॅपटॉप वेगात, BIOS मध्ये `65W`. म्हणजे अ‍ॅडाप्टर, वायर, पोर्ट यांच्यावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. बॅटरीचा अहवाल काढला:

```
powercfg /batteryreport
```

कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढं टाकलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे आहे तो पत्ता तिथेच दिसतो. त्यात `DESIGN CAPACITY` ४१,४४० आणि `FULL CHARGE CAPACITY` २७,९०० होती, म्हणजे मूळच्या ६७ टक्के. थकलेली, पण मेलेली नाही. थकलेली बॅटरी लवकर उतरते, मात्र नेमकी ८० वर रोज थांबत नाही. शेवटी लक्षात आलं, कंपनीच्या अ‍ॅपने एका अपडेटनंतर 'बॅटरीचं आयुष्य वाढवा' असं विचारलं होतं आणि मी न वाचता हो म्हटलं होतं. ती मर्यादा काढली आणि चार्जिंग १०० पर्यंत गेलं. नंतर मीच ती पुन्हा लावली, कारण माझा लॅपटॉप दिवसभर वायरला जोडलेलाच असतो.

बॅटरीच खराब असेल तर चित्र वेगळं दिसतं. अ‍ॅडाप्टर ओळखला जातो, लॅपटॉप पूर्ण वेगात चालतो, पण टक्के शून्यावर किंवा कुठल्यातरी भलत्याच आकड्यावर अडकतात आणि वायर काढताच लॅपटॉप क्षणात बंद पडतो. बॅटरी चार्जिंग घेत नसेल पण लॅपटॉप तापलेला असेल, तर आधी तासभर थंड होऊ द्या. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून लॅपटॉप स्वतःच थांबवतो. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल तर मात्र चाचण्या करत बसू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी बदलून घ्या.

आणखी एक खूण, जी माझ्याकडे नव्हती पण वहिनींच्या जुन्या लॅपटॉपवर पाहिली: पिन लावताच अ‍ॅडाप्टरचा दिवाच विझतो, काढली की थोड्या वेळाने पुन्हा लागतो. तिथे अ‍ॅडाप्टर स्वतःला वाचवत असतो, कारण पोर्टमध्ये किंवा आतल्या सर्किटमध्ये शॉर्ट आहे. दुसऱ्या, चांगल्या अ‍ॅडाप्टरचा दिवाही तसाच विझला तर लॅपटॉप उघडण्याशिवाय इलाज नाही. दुसऱ्याचा नाही विझला तर पहिला अ‍ॅडाप्टरच भार घेईनासा झालाय.

आता या अ‍ॅडाप्टरबद्दल. ठोकळा पूर्ण लोडवर कोमट होतो, गरम नाही. आवाज नाही. पिन पोर्टमध्ये घट्ट बसते. तक्रारी दोन. ठोकळ्यापासूनची वायर आखूड आहे, त्यामुळे पिनवर ओढ बसते. मी लॅपटॉप भिंतीकडे सरकवून ठेवते. आणि वायर गुंडाळायला जो पट्टा दिलाय तो ठोकळ्याला इतका जवळ आहे, की त्यात बांधली तर वायर मुळाशीच कचकन दुमडते. जुनी तार तिसऱ्या वर्षी अशाच दुमडण्याने गेली असं मला वाटतं, कारण मी ती रोज पिशवीत कोंबायचे. आता पट्टा काढून टाकलाय आणि वायर सैल वेटोळ्यात ठेवते. पाच पैकी चार तारे. पाचवा त्या पट्ट्यापायी कापला.