‘हे जरा समराइज करून दे’: खुल्या उत्तरांना हाताने कोड लावण्याचा सात महिन्यांचा अनुभव

सात महिन्यांत पाच सर्वेक्षणांची खुली उत्तरं मी एकाच पद्धतीने वाचली. साधी स्प्रेडशीट घ्यायची, एका ओळीत एक उत्तर ठेवायचं आणि शेजारच्या कॉलममध्ये हाताने कोड, म्हणजे उत्तरातल्या मुद्द्याचं छोटं नाव, लावायचे. वेगळं सॉफ्टवेअर लागलं नाही. पाचही वेळा निरोप जवळजवळ एकच होता: शीट जोडली आहे, हे जरा समराइज करून दे. कुणासाठी, कशासाठी, किती लांब, यातलं काहीच त्यात नसायचं. अशा निरोपावर ही पद्धत कितपत टिकते, ते सगळ्यात मोठ्या सर्वेक्षणाच्या आधारे लिहिते.

ते सर्वेक्षण पाळ्यांच्या नव्या वेळापत्रकाबद्दल होतं. शीटमध्ये 412 ओळी होत्या आणि प्रश्न होता, ‘नव्या वेळापत्रकात तुम्हाला काय अडतं?’ माझा पहिला सारांश मी जुन्या सवयीने केला होता. वरून खाली वाचत गेले, वारंवार दिसणारे शब्द टिपले, फिल्टर लावून मोजले. ‘वेळ’ हा शब्द 118 उत्तरांत आला. मी लिहून दिलं की सर्वात मोठी तक्रार कामाच्या वेळेबद्दल आहे. वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘तास जास्त होतात’ असा घेतला आणि पाळी अर्ध्या तासाने कमी करण्याची चर्चा सुरू झाली. एका सहकाऱ्याने मला विचारलं, “तास कमी करा असं नक्की किती जणांनी म्हटलंय?” मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री ती 118 उत्तरं मी पुन्हा, एकेक करून वाचली.

त्यातल्या फक्त 29 जणांचं म्हणणं होतं की तास जास्त आहेत. 67 जणांना तासांचं काहीच नव्हतं. आपली पाळी कोणती हे ऐन वेळी कळतं किंवा कळल्यावर बदलतं, हा त्यांचा त्रास होता. 14 जणांना पाळीची अदलाबदल करून मिळत नव्हती. आणि 8 जणांनी ‘आता वेळ बरी आहे’ असं लिहिलं होतं, म्हणजे त्यांचं कौतुकही मी तक्रारीत मोजलं होतं. शिवाय उरलेल्या उत्तरांत 24 जण तेच ‘ऐन वेळी’चं दुखणं ‘वेळ’ हा शब्द न वापरता सांगत होते. ‘रविवारी रात्री मेसेज येतो’, ‘घरी काय सांगायचं तेच समजत नाही’ अशी ती वाक्यं होती. कुणी ‘टाइम’ लिहितं, कुणी मराठी रोमन लिपीत लिहितं, ते वेगळंच. शब्द मोजून ही माणसं कधीच सापडली नसती. शब्दांचा ढग करून पाहिला तेव्हा त्यातही ‘वेळ’ सगळ्यात मोठ्या अक्षरांत आला.

तेव्हापासून पद्धत बदलली. सगळ्यात आधी मी निरोप पाठवणाऱ्याला एकच गोष्ट विचारते: हे वाचून तुम्ही काय ठरवणार आहात? ‘वेळापत्रकात काय बदलायचं ते’ असं उत्तर आलं तर कोड बदलता येण्याजोग्या गोष्टींचे लागतात. ‘लोक खूश आहेत का ते पाहायचंय’ असं आलं तर वेगळे लागतात. उत्तर आलंच नाही, तर मी माझा अंदाज सारांशाच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवते. अंदाज चुकला असेल तर तो लगेच दिसतो.

मग रिकाम्या ओळी. 412 पैकी 71 कोऱ्या होत्या, म्हणून माझा छेद 341. पण 46 जणांनी ‘काही नाही’ लिहिलं होतं आणि त्यांना कोऱ्यांत टाकायचा मोह होतोच. इथे प्रश्न ‘काय अडतं?’ असा होता, म्हणून ‘काही नाही’ हे पूर्ण उत्तर आहे: या माणसाला काही अडत नाही. प्रश्न ‘आणखी काही सांगायचंय?’ असता तर त्याच दोन शब्दांचा अर्थ कोरी जागा इतकाच झाला असता. प्रश्नाचं मूळ वाक्य शीटच्या वर चिकटवल्याशिवाय मी आता वाचायला बसत नाही. अनेकदा शीटमध्ये ते नसतंच, कॉलमच्या डोक्यावर ‘प्र. 9’ एवढंच असतं. मग मागवून घ्यावं लागतं.

वाचण्याआधी क्रम विस्कटते. पहिल्या ओळी बहुधा सर्वेक्षण आल्या आल्या भरणाऱ्यांच्या असतात आणि पहिल्या पन्नास उत्तरांवर मत बनलं की पुढची उत्तरं त्याच चष्म्यातून दिसतात. आधी A कॉलममध्ये कायमचा क्रमांक टाकते, मग एका कॉलममध्ये `=RAND()` भरून त्याचे आकडे तसेच चिकटवते आणि पूर्ण शीट निवडून त्यावर सॉर्ट करते. दुसऱ्या सर्वेक्षणात माझ्याकडून एकच कॉलम सॉर्ट झाला होता. रात्रपाळीच्या ओळीत ‘सकाळी लवकर उठवत नाही’ अशी उत्तरं दिसू लागली तेव्हा लक्षात आलं की उत्तरं आणि माणसं यांची फारकत झाली आहे. मूळ फाइल वेगळी ठेवलेली होती म्हणून निभावलं.

पहिली 80 उत्तरं मी कोड न लावता वाचते, फक्त कागदावर टिपणं काढते. त्यातून दहा-बारा कोड निघतात. प्रत्येक कोडला एक कॉलम, लागू असेल तर 1, नसेल तर कोरं. एका उत्तराला दोन-तीन कोड लागू शकतात, म्हणूनच एकाच कॉलममध्ये कोडाचं नाव लिहिण्याची पद्धत मी सोडली. त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते. हे सारांशात एका वाक्यात सांगावं लागतं, नाहीतर कुणीतरी बेरीज करून चूक काढतंच. शेवटच्या चाळीस-पन्नास ओळींत एकही नवा कोड लागला नाही तर यादी पुरेशी झाली असं मी धरते. लागला, तर सगळ्या ओळी त्या कोडसाठी पुन्हा वाचते. हे कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर उशिरा सापडलेला कोड आकड्यांत नेहमीच लहान दिसतो.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या वाचकाचा. माझ्या सहकारी मैत्रिणीला यादृच्छिक 60 ओळी आणि कोडांच्या व्याख्या दिल्या, माझे कोड दाखवले नाहीत. ‘उशिरा कळतं’ या कोडवर 14 ओळींत आम्ही दोघींनी 1 दिला, 38 ओळींत दोघींनी नाही, 6 ओळींत फक्त मी आणि 2 ओळींत फक्त तिने. म्हणजे 60 पैकी 52 ठिकाणी एकमत, 87 टक्के. पण दोघींनी डोळे मिटून आपापल्या प्रमाणात 1 वाटले असते तरी जवळजवळ 58 टक्के एकमत झालंच असतं. योगायोगाचा हा भाग वजा करून उरणारं माप म्हणजे जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला कॅप्पा. तो इथे 0.68 आला. नुसते टक्के विरळ कोडवर फारच फसवतात: शंभरात पाच ठिकाणी लागणारा कोड मैत्रिणीने एकदाही लावला नसता, तरी एकमत 95 टक्के दिसलं असतं.

आकड्यापेक्षा ती 6 उत्तरं महत्त्वाची ठरली. वेळापत्रक लागल्यावर पाळी बदलते अशी तक्रार मी ‘उशिरा कळतं’ मध्ये धरली होती. मैत्रीण म्हणाली, “अगं, याला उशिरा कुठे कळलंय? वेळेत कळलंय, नंतर बदललंय.” तिचं बरोबर होतं. दोन्हींचे उपायही वेगळे आहेत: एकाला वेळापत्रक आधी लावणं, दुसऱ्याला लावलेलं न हलवणं. मी कोड फोडून दोन केले आणि सगळ्या ओळी पुन्हा पाहिल्या. ‘उशिरा कळतं’ 58, ‘नंतर बदलतं’ 39, आणि 6 जणांनी दोन्ही सांगितलेलं, म्हणजे माणसं 91. दोन कोडांची नुसती बेरीज केली तर 97 येते आणि ती चूक असते. D आणि E हे ते दोन कॉलम, B मध्ये पाळी:

```
=SUMPRODUCT(--((D2:D413+E2:E413)>0))
=SUMPRODUCT((B2:B413="रात्र")*((D2:D413+E2:E413)>0))
```

दुसऱ्या सूत्राने सारांशाचा रोखच बदलला. सगळ्यांत मिळून 341 पैकी 91, म्हणजे 27 टक्के. पण रात्रपाळीच्या 92 पैकी 51 जणांनी हे लिहिलं होतं, 55 टक्के. दिवसाच्या 249 पैकी 40, म्हणजे 16. एकच सरासरी दिली असती तर दुखणं कुठे आहे ते झाकलं गेलं असतं.

कोड आणि थीम यांतला फरक मला इथे खऱ्या अर्थाने कळला. ‘वेळ’ हा विषय आहे, ‘उशिरा कळतं’ हा कोड आहे. थीम म्हणजे सारांशात जायला हवं ते पूर्ण वाक्य: ‘रात्रपाळीच्या निम्म्याहून जास्त लोकांना तासांपेक्षा पुढचा आठवडा आधी ठरलेला नसण्याचा त्रास आहे.’ या वाक्याला कुणी ‘नाही, तसं नाही’ म्हणू शकतं आणि मी ओळी उघडून दाखवू शकते. ‘वेळेबद्दल अनेक प्रतिक्रिया आल्या’ या वाक्याशी कुणाचा वाद होणार नाही, कारण त्यात काही सांगितलेलंच नाही. ‘तास जास्त’ हा कोड शेवटी 38 जणांवर थांबला, 11 टक्के. अर्ध्या तासाची चर्चा तिथेच थांबली.

मोजणीत न मावणाऱ्या गोष्टींसाठी मी वेगळा कॉलम ठेवते. तीन जणांनी लिहिलं होतं की रात्रपाळी संपवून गाडी चालवताना डोळा लागतो. 341 पैकी 3 म्हणजे एक टक्काही नाही, टक्केवारीच्या तक्त्यात ते तळाशी गेलं असतं. ते मी त्याच दिवशी वेगळं कळवलं. मात्र त्यांचे शब्द जसेच्या तसे दिले नाहीत, कारण त्यातल्या एकाच्या विभागात चारच माणसं होती आणि बोलण्याच्या ढबीवरून तो ओळखू आला असता.

पद्धतीच्या उणिवा खऱ्या आहेत. या 412 ओळींना मला नऊ-दहा तास लागले, पुन्हा वाचणं धरून. पन्नासच्या आत उत्तरं असतील तर कॉलमांचा पसारा मांडू नये, दोनदा वाचून थेट लिहावं, आणि टक्के तर देऊच नयेत. दोन-तीन हजार ओळी असतील तर प्रत्येक गटातून यादृच्छिक नमुना घेऊन तेवढ्यालाच कोड लावते आणि तसं सांगते. तिसऱ्या दिवशी थकलेल्या डोळ्यांनी लावलेले कोड पहिल्या दिवसापेक्षा ढिले असतात, म्हणून शेवटी सुरुवातीच्या वीस ओळी झाकून पुन्हा कोड लावते. आणि ज्यांनी लिहिलं नाही त्यांना त्रास नाही, असं या 27 टक्क्यांवरून म्हणता येत नाही. खुल्या प्रश्नात माणूस आठवलेलं लिहितो. हे वाक्य सारांशातून दोनदा संपादनात कापलं गेलं, दोन्ही वेळा मी परत घातलं.

पाठवलेला मजकूर शेवटी एका पानाचा झाला: वर प्रश्नाचं मूळ वाक्य आणि 341 हा छेद, खाली तीन थीमची तीन वाक्यं, प्रत्येकीखाली दोन उत्तरं आणि थीमच्या विरोधात जाणारं एक. कोड लावलेली शीट सोबत जोडली नाही. त्यात पाळी आणि उत्तर शेजारी शेजारी होते, आणि लोकांना नाव उघड होणार नाही असं सांगून लिहायला लावलं होतं.