गोल नाकाची शेडिंग: क्रीम की पावडर?

नागपुरात मे महिन्यातलं लग्न आणि नवरीचं नाक शेंड्याशी गोल असेल, तर मी पावडरच निवडते. क्रीम त्वचेत सुरेख मिसळतं, जवळूनही खरी सावली वाटते; थंडीत किंवा कोरड्या त्वचेवर तेच लावावं. पण नाकाला तेल लवकर सुटतं, आणि इथल्या ४५ अंशांत क्रीमची रेघ घसरून नाकपुडीच्या खाचेत जमते. एकदा जमली की नाक उलट रुंदच दिसतं.

पावडरचा रंग त्वचेपेक्षा एक-दोन छटाच गडद आणि राखाडीकडे झुकणारा हवा. तांबूस ब्रॉन्झर सावलीसारखा दिसत नाही, नाक उन्हाने भाजल्यासारखं वाटतं. बारीक ब्रशने भुवयांच्या आतल्या टोकांपासून दोन सरळ रेघा खाली आणायच्या आणि शेंड्याच्या खालून हलक्या हाताने जोडायच्या. रेघांची बाहेरची कड गालाकडे पूर्ण विरवायची, आतली थोडी स्पष्ट ठेवायची. हायलाइटर फक्त मधल्या दांडीवर, अगदी बारीक. शेंड्यावर चमक आली की गोलाई आणखी उठून दिसते.

हे सगळं समोरून बघणाऱ्यासाठी आणि समोरच्या फोटोसाठी. बाजूने नाकाचा आकार तोच राहतो, हसल्यावर नाकपुड्या पसरतातच. व्हिडिओवाल्याचा लाइट एका बाजूने आला तर खरी सावली आणि रंगवलेली सावली जुळत नाहीत, नाकावर पट्टा दिसतो. म्हणून हॉलकडे निघण्यापूर्वी खिडकीशी उभं राहून मान दोन्हीकडे वळवून बघावी. रेघ दिसली तर स्वच्छ ब्रशने पुन्हा विरवावी.