चिन्ह पलटून बेरीज की सरळ वजाबाकी?

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या प्रश्नाच्या फोटोत स्टँडर्ड पोटेन्शियलचा तक्ता असतो. खाली विचारलेलं असतं, सेलचं व्होल्टेज किती आणि रिअ‍ॅक्शन आपोआप कुठल्या बाजूला जाईल. आमच्या बडोद्यात हे सोडवायच्या दोन रीती चालतात. एकीत ऑक्सिडेशन होणाऱ्या अर्ध्या रिअ‍ॅक्शनचं चिन्ह पलटायचं आणि दोन्ही आकडे मिळवायचे. दुसरीत तक्त्यातले आकडे जसेच्या तसे उचलून कॅथोडमधून अ‍ॅनोड वजा करायचा. उत्तर दोन्हीकडे एकच येतं, म्हणून अनेकांना हा वाद निरर्थक वाटतो. मी बरीच वर्षं पहिल्या रीतीनं शिकवलं आणि नंतर सोडलं. ते का, एवढंच सांगतो.

दांडिया बाजारात आमच्या शेजारची मुलगी बारावीला होती. एका संध्याकाळी वही घेऊन आली, म्हणाली, "काका, उत्तर उणे येतंय आणि पुस्तकात अधिक आहे." निकेल आणि टिनचा सेल होता. तक्त्यात निकेल −०.२५ आणि टिन −०.१४. निकेल जास्त उणे, म्हणून तो अ‍ॅनोड, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. त्याचं चिन्ह पलटून समासात ०.२५ लिहिलं होतं, तेही बरोबर. मग क्लासमध्ये पाठ केलेलं सूत्र आठवलं आणि तिनं −०.१४ मधून ते ०.२५ वजा केलं. आलं −०.३९. खाली लिहिलं, रिअ‍ॅक्शन आपोआप होणार नाही. खरं उत्तर +०.११ व्होल्ट, आणि ती आपोआप होते. एका जास्तीच्या पलटीनं आकडाही गेला आणि दिशाही.

मला खुपलं ते समासातलं ०.२५. त्याच्याकडे पाहून तो तक्त्यातला मूळ आकडा आहे की पलटलेला, हे कळायला काही मार्ग नाही. आपण अधिकचं चिन्ह लिहीत नाही, त्यामुळे पलटीची खूणच उरत नाही. झिंक-कॉपरवर हीच चूक केली तर −०.४२ येतं, पण १.१० सगळ्यांना तोंडपाठ असल्यामुळे पोरं लगेच थबकतात. दोन्ही धातू उणे असले की सावध करणारं काहीच नसतं. त्यानंतर मी इतर वह्या त्या नजरेनं चाळल्या आणि ही दुहेरी पलटी मला पुन्हा पुन्हा सापडली. मोजदाद काही केली नाही, पण माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आणखी एक. पलटीच्या रीतीत अर्ध्या रिअ‍ॅक्शन मांडून इलेक्ट्रॉन सारखे करावे लागतात. अ‍ॅल्युमिनियम-सिल्व्हरमध्ये सिल्व्हरची ओळ तीननं गुणली की मुलं ०.८० लाही तीननं गुणतात. पोटेन्शियल गुणायचं नसतं, कारण ते प्रत्येक कूलॉम चार्जमागची ऊर्जा सांगतं. सिल्व्हर तिप्पट घेतलं तर ऊर्जा तिप्पट होते, चार्जही तिप्पट होतो. उत्तर ०.८० − (−१.६६), म्हणजे २.४६ च.

आता वजाबाकीचा दोषही सांगायला हवा. मुलांना मोठ्यातून लहान वजा करायची सवय लागते आणि उत्तर कायम अधिकच येतं. नुसते दोन इलेक्ट्रोड दिले असतील तर हे चालतं. पण प्रश्नात रिअ‍ॅक्शन लिहून दिली असेल, समजा

```
Sn + Ni²⁺ → Sn²⁺ + Ni
```

तर भूमिका तक्ता ठरवत नाही, ही ओळ ठरवते. इथे निकेल आयन इलेक्ट्रॉन घेतोय, म्हणून कॅथोड निकेल. −०.२५ − (−०.१४) = −०.११. उणे आलं, म्हणजे स्टँडर्ड स्थितीत ती उलट्या दिशेला जाते. पलटीच्या रीतीत दोन्ही अर्ध्या रिअ‍ॅक्शन डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे हा घोटाळा कमी होतो, हे मी मान्य करतो. ज्याला त्या मांडायची पक्की सवय आहे आणि जो सूत्राला हातच लावत नाही, त्यानं रीत बदलू नये. बाकीच्यांना मी वजाबाकीच सुचवीन, फक्त आकड्यांना हात लावण्याआधी कोण इलेक्ट्रॉन घेतोय त्यावर एक गोल काढायचा. त्या शेजारच्या मुलीनं तेवढंच बदललं.

तक्ता चढता आहे की उतरता, याच्या भरवशावर मात्र कुठलीच रीत चालवू नका; तो दोन्ही प्रकारे छापतात. इलेक्ट्रॉन बाणाच्या डावीकडे आहेत ना, ते बघा. १९५३ मध्ये स्टॉकहोमला रिडक्शनच्या बाजूनं संकेत ठरला, पण त्याआधीच्या वळणाच्या काही अमेरिकन पुस्तकांत ऑक्सिडेशनचे आकडे असतात आणि तिथे झिंक +०.७६ दिसतो. फोटो पुसट असेल तर उणेची बारीक रेघ आधी उडते, म्हणून झिंकसमोर ती दिसतेय का हे पहिल्यांदा तपासायचं.